आलेखातली उलटी यादी : तक्त्यातली पहिली ओळ पट्ट्यांमध्ये तळाशी का जाते?



आजचा लेख माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल आहे. चूक एक्सेलमधल्या एका आलेखाची. तुमच्यापैकी अनेकांना हा अनुभव आला असेल. तक्त्यात नावं वरून खाली बरोबर लिहिलेली असतात, आणि आडव्या पट्ट्यांचा आलेख काढला की तीच नावं खालून वर लागतात. बहुतेक वेळा आपण "असू दे, नावं तर लिहिलेलीच आहेत" म्हणून पुढे जातो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण एकदा मी ती नावंच काढून टाकली, आणि त्याची किंमत माझ्या वर्गातल्या एका मुलीने दिवाळीच्या सुट्टीत मोजली.

काय घडलं

माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. दिवाळीआधी गणिताची चाचणी घेतली. सात घटक, प्रत्येकाला १० गुण. पालकसभेत प्रत्येक पालकाच्या हातात एकेक कागद द्यायचा, असं ठरवलं होतं. त्यावर मुलाला कोणता घटक येतो आणि कोणता कच्चा आहे, एवढंच दिसावं. आकडे मला द्यायचे नव्हते. आकडे दिले की पालक लगेच शेजारच्या मुलाचा कागद मागतात, "त्याला किती पडले?" सुरू होतं, आणि कच्चा घटक बाजूलाच राहतो.

म्हणून मी एक युक्ती केली. एक्सेलच्या एका शीटवर डावीकडे घटकांची नावं, शेजारी गुण. हजेरी क्रमांक बदलला की त्या मुलाचे गुण आपोआप यावेत असं सूत्र टाकलं. त्या गुणांवरून आडव्या पट्ट्यांचा आलेख काढला आणि तो उचलून बरोबर गुणांच्या रकान्यावर ठेवला. गुण झाकले गेले. डावीकडे घटकाचं नाव आणि त्याला लागून पट्टी. आलेखाच्या आतही घटकांची नावं येत होती, पण ती शेजारी तक्त्यात असताना परत कशाला? मी आलेखातल्या नावांवर क्लिक केलं आणि Delete दाबलं. पान एकदम स्वच्छ दिसायला लागलं.

छापण्याआधी मी तपासलं नाही असं नाही. गुणाकार आम्ही नुकताच संपवला होता, त्यामुळे कोणाला किती आलं ते माझ्या डोक्यात पक्कं होतं. दोन-तीन मुलांचे क्रमांक टाकून गुणाकाराची पट्टी पाहिली. बरोबर होती. सगळे कागद छापले, वाटले.

सुट्टीनंतर एका मुलीचे वडील शाळेत आले. तक्रार करायला नाही, सांगायला आले होते.

"बाई, तुमच्या कागदावर भागाकाराची पट्टी सगळ्यात लहान होती. म्हणून सुट्टीभर भागाकारच घेतला. रोज दहा गणितं. ती रडायची. म्हणायची, पप्पा, मला येतंय. मी म्हटलं, येतंय तर बाईंनी पट्टी एवढीशी का काढली?"

मला आठवत होतं की भागाकार त्या मुलीला छान येतो. कपाटातून तिची उत्तरपत्रिका काढली. भागाकाराला १० पैकी ८. आणि वजाबाकीला ४. वजाबाकीत ४०३ मधून १७८ वजा करायचे होते, तर तिने उत्तर ३७५ लिहिलं होतं. म्हणजे प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. ८ मधून ३ गेले ५, ७ मधून ० गेले ७, ४ मधून १ गेला ३. दशक सुटा करायचा असतो हेच तिला उमगलं नव्हतं. सुट्टीत घरी घ्यायला हवी होती ती वजाबाकी, आणि माझ्या कागदामुळे तिथे भागाकार झाला.

कागदावर काय छापलं गेलं होतं

घरी आल्यावर फाइल उघडली. आलेखातली पुसलेली नावं परत आणली. आलेखावर क्लिक केलं की उजव्या बाजूला अधिकचं चिन्ह येतं, त्यात Axes आणि त्यात Primary Vertical वर टिक केली की नावं परत दिसतात. आणि मग सगळं समोर आलं. तक्त्यात सगळ्यात वर "संख्याज्ञान" होतं. आलेखात सगळ्यात वर "मापन" होतं. पूर्ण यादी उलटी. नावं असताना हे उलटेपण निरुपद्रवी होतं, कारण प्रत्येक पट्टीजवळ तिचं स्वतःचं नाव होतं. नावं पुसली आणि तक्त्यातली नावं शेजारी आली, तेव्हा प्रत्येक पट्टी दुसऱ्याच घटकाच्या नावासमोर जाऊन बसली.

त्या मुलीचा कागद असा होता :

| क्र. | घटक | तिला मिळालेले गुण | नावासमोर दिसलेली पट्टी |
|---|---|---|---|
| १ | संख्याज्ञान | ९ | ५ |
| २ | बेरीज | ८ | ६ |
| ३ | वजाबाकी | ४ | ८ |
| ४ | गुणाकार | ७ | ७ |
| ५ | भागाकार | ८ | ४ |
| ६ | अपूर्णांक | ६ | ८ |
| ७ | मापन | ५ | ९ |

शेवटचे दोन रकाने पाहा. एक वरून खाली वाचा आणि दुसरा खालून वर वाचा, आकडे तेच आहेत. तिसऱ्या ओळीची पट्टी पाचव्या ओळीसमोर गेली आणि पाचवीची तिसरीसमोर. वजाबाकी पक्की दिसली, भागाकार कच्चा दिसला.

आता चौथी ओळ पाहा. तिथे ७ आणि ७ आहेत. सात ओळी उलट्या केल्या तर पहिली सातवी होते, दुसरी सहावी, तिसरी पाचवी, पण चौथी चौथीच राहते. नियम सोपा आहे. एकूण ओळींमध्ये १ मिळवायचा आणि त्यातून ओळीचा क्रमांक वजा करायचा. इथे ८ मधून ३ गेले ५, ८ मधून ४ गेले ४. ओळींची संख्या विषम असली की मधली ओळ जागची हलत नाही. मी तपासायला नेमकी तीच ओळ निवडली होती. वर्गातला कोणताही क्रमांक टाकला असता तरी गुणाकार बरोबरच दिसला असता.

एक्सेल असं का करतं?

फाइल दुरुस्त करण्याआधी मला हे समजून घ्यायचं होतं, कारण कारण कळलं नाही तर तीच चूक दुसऱ्या रूपात परत होते.

आपण मुलांना आलेख शिकवतो तेव्हा काय सांगतो? आलेख कागदावर डावीकडे खालच्या कोपऱ्यात आरंभबिंदू घ्या. आडव्या अक्षावर उजवीकडे जाताना मोजा, उभ्या अक्षावर वर जाताना मोजा. एक्सेल हाच नियम पाळतं. त्याच्या दृष्टीने तक्त्यातली पहिली ओळ म्हणजे घटक क्रमांक १, आणि १ हा आरंभबिंदूच्या सर्वात जवळ असायला हवा.

उभ्या स्तंभांच्या आलेखात घटक आडव्या अक्षावर असतात. १ डावीकडे, मग २, मग ३. आपणही डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे काहीच खटकत नाही. आडव्या पट्ट्यांमध्ये घटक उभ्या अक्षावर जातात. आरंभबिंदू तळाशी, म्हणून १ तळाशी, २ त्याच्या वर, ७ सगळ्यात वर. एक्सेलने यादी उलटी केलेली नाही, तिने फक्त खालून मोजायला सुरुवात केली आहे. तक्ता वरून खाली वाचायचा असतो आणि उभा अक्ष खालून वर मोजायचा असतो. हे दोन नियम एकाच पानावर समोरासमोर आले की यादी उलटी दिसते.

हे कागदावर करून पाहण्यासारखं आहे, आणि वर्गातही घेता येईल. एका कागदावर उभ्या स्तंभांचा छोटा आलेख काढा. डावीकडून तीन स्तंभ, १, २, ३ असे क्रमांक द्या. डावीकडे उभ्या रेषेवर ०, ५, १० असे आकडे लिहा. आता तो कागद घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव वळण फिरवा. स्तंभ आडवे झाले, डावीकडून उजवीकडे वाढताना दिसतात. आणि क्रमांक १ कुठे आहे? सगळ्यात वर! म्हणजे तक्त्यासारखाच. पण आकड्यांची रेषा पाहा, ती डावीकडून उठून पानाच्या वरच्या बाजूला गेली आहे.

एक्सेल आलेख असा फिरवत नाही. ते आरंभबिंदू खालच्या डाव्या कोपऱ्यातच ठेवतं आणि दोन्ही अक्षांची फक्त अदलाबदल करतं. त्यामुळे आकड्यांची रेषा तळाशी राहते, आणि क्रमांक १ सुद्धा तळाशी राहतो. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. हे लक्षात ठेवा, कारण दुरुस्ती करताना पुढच्याच मिनिटाला याचा प्रत्यय येतो.

दुरुस्ती कशी करायची

१. आलेखातल्या घटकांच्या नावांवर, म्हणजे डावीकडच्या उभ्या अक्षावर एकदा क्लिक करा. नावांभोवती चौकट दिसली पाहिजे.

२. कीबोर्डवर Ctrl+1 दाबा, किंवा माऊसचं उजवं बटण दाबून Format Axis निवडा. नव्या एक्सेलमध्ये पडद्याच्या उजव्या बाजूला एक पट्टा उघडतो. २०१० किंवा त्याआधीचं एक्सेल असेल तर वेगळी खिडकी उघडते, आतले पर्याय तेच असतात.

३. त्यात Axis Options खाली "Categories in reverse order" असं एक वाक्य आहे. त्याच्या चौकोनात टिक करा.

यादी लगेच पालटते. "संख्याज्ञान" वर येतं, "मापन" खाली जातं. पण त्याच क्षणी तळाला असलेले ०, २, ४, ६, ८, १० हे आकडे उडी मारून आलेखाच्या डोक्यावर जातात. माझ्या एका सहकाऱ्याने इथेच घाबरून टिक काढून टाकली होती, "काहीतरी बिघडलं" म्हणून. बिघडलेलं काही नाही. आपला फिरवलेला कागद आठवा. आकड्यांची रेषा घटक क्रमांक १ च्या बाजूला चिकटलेली असते. १ वर गेला, त्याच्याबरोबर तीही वर गेली.

आकडे वर चालत असतील तर तसेच राहू द्या. लांबलचक यादी असेल तर आकडे वर असणं उलट सोयीचं पडतं, कारण वाचायला सुरुवात तिथूनच होते. खालीच हवे असतील तर आणखी एक पायरी आहे.

४. त्याच पट्ट्यात, त्याच उभ्या अक्षाच्या पर्यायांमध्ये "Horizontal axis crosses" असा भाग आहे. तिथे Automatic निवडलेलं असतं. त्याऐवजी "At maximum category" निवडा.

याचा अर्थ असा की आकड्यांची रेषा पहिल्या घटकाजवळ न ठेवता शेवटच्या घटकाजवळ ठेव. आपल्या आलेखात शेवटचा घटक सातवा, आणि यादी पालटल्यामुळे तो आता तळाशी आहे. म्हणून आकडेही तळाशी येतात. "maximum" हा शब्द वाचून अनेकांना वाटतं की इथे जास्तीत जास्त गुणांचा काही संबंध आहे. तसा नाही. इथे फक्त घटकांचा क्रम मोजला जातो.

नावं आधीच पुसलेली असतील तर क्लिक करायला अक्षच सापडत नाही. माझंही तेच झालं होतं. आधी वर सांगितल्याप्रमाणे नावं परत आणा, मग या पायऱ्या करा. दुरुस्तीनंतरही नावं दिसायला नको असतील तर Delete दाबू नका. त्याच पट्ट्यात Labels खाली Label Position आहे, तिथे None निवडा. नावं लपतात, पण अक्ष जागेवर राहतो आणि त्यावर पुन्हा काम करता येतं.

इथे हमखास होणारी एक चूक

घाईत नावांऐवजी तळाच्या आकड्यांवर क्लिक होतं. तरीही Format Axis उघडतंच, आणि त्यातही जवळपास तसंच दिसणारं वाक्य असतं, "Values in reverse order". टिक केली की पट्ट्या उजवीकडून डावीकडे वाढायला लागतात आणि घटकांची नावं उजव्या बाजूला जातात. यादीचा क्रम मात्र उलटाच राहतो. असं दिसलं की समजायचं, अक्ष चुकला. Ctrl+Z दाबा आणि नावांवर क्लिक करून परत सुरू करा. वाक्यात Categories शब्द आहे का, एवढंच पाहायचं.

तक्ताच उलटा केला तर?

पुष्कळ जण हा मार्ग वापरतात. तक्ता खालून वर लावायचा, म्हणजे आलेख आपोआप वरून खाली लागतो. नुसता आलेख चिकटवायचा असेल आणि तक्ता कोणी पाहणार नसेल तर हे चालतं. उदाहरणार्थ, कोणत्या इयत्तेने किती रोपं लावली हे जास्तीपासून कमीपर्यंत दाखवायचं असेल, तर तक्ता लहान संख्येकडून मोठ्या संख्येकडे लावा, सगळ्यात लांब पट्टी वर येईल.

पण तक्ता आणि आलेख एकाच पानावर असतील तर याचा उपयोग नाही. तक्ता उलटा केला की आलेख सरळ होतो, आणि दोघे पुन्हा एकमेकांच्या विरुद्धच राहतात. माझ्या कागदावर मी हे केलं असतं तर चूक जशीच्या तशी राहिली असती.

नावांच्या जागी तारखा असतील तर तर ही युक्ती चालतही नाही. एक्सेल तारखा ओळखतं आणि तक्त्यात त्या कशाही लावल्या असल्या तरी आलेखात कालक्रमानेच मांडतं, सर्वात जुनी तारीख तळाशी. तिथे वर सांगितलेली टिकच कामाला येते.

दोन चाचण्या शेजारी दाखवताना

दुसऱ्या सत्रानंतर मी प्रत्येक घटकासमोर दोन पट्ट्या काढल्या, एक पहिल्या चाचणीची आणि एक दुसऱ्या चाचणीची. आपल्या पुस्तकात याला जोडस्तंभालेख म्हणतात. त्यातही खालून मोजण्याचा तोच नियम लागतो, तो सुद्धा दोनदा. घटक खालून वर लागतात, आणि प्रत्येक घटकाच्या जोडीतही पहिली चाचणी खाली आणि दुसरी चाचणी वर येते. पालक वरून वाचतात. त्यांना वरची पट्टी आधीची वाटते आणि खालची नंतरची. प्रगती केलेल्या मुलाची अधोगती झालेली दिसते!

समाधानाची गोष्ट अशी की "Categories in reverse order" ची एकच टिक दोन्ही गोष्टी सरळ करते. घटकही वरून खाली लागतात आणि जोडीत पहिली चाचणी वर येते. वेगळं काही करावं लागत नाही. फक्त रंगांचा खुलासा वाचून एकदा खात्री करून घ्या की वरची पट्टी खरंच पहिल्या चाचणीची आहे.

माझ्या कागदाला खरं तर काय हवं होतं

आलेख सरळ केल्यावर पट्ट्या योग्य नावांसमोर आल्या. तरी माझं समाधान झालं नाही. तक्त्याच्या ओळी आणि आलेखातल्या पट्ट्या या एक्सेलसाठी दोन वेगळ्या वस्तू आहेत. उद्या कोणी ओळीची उंची वाढवली, आलेख जरासा सरकला, की पट्टी पुन्हा खालच्या-वरच्या नावाकडे झुकणार. आणि पाहणाऱ्याला ते कळणारही नाही.

त्यामुळे आता मी दोन गोष्टी पाळते. पहिली, आलेख असेल तर त्यातली नावं पुसत नाही. शेजारी तक्ता असला तरी नाही. पट्टीचं नाव पट्टीजवळच हवं. जागा कमी पडली तर तक्ता काढते.

दुसरी, नावासमोर पट्टी एवढंच हवं असेल तर आलेख काढतच नाही. गुणांचे सात रकाने निवडते, Home मध्ये Conditional Formatting, त्यात Data Bars, आणि सगळ्यात खाली More Rules. पट्टी त्या गुणाच्या चौकोनातच उमटते. ती दुसऱ्या ओळीत जाऊच शकत नाही, कारण ती त्या ओळीचाच भाग असते. तिथेच "Show Bar Only" वर टिक केली की आकडा लपतो आणि फक्त पट्टी राहते. मला सुरुवातीपासून हवं होतं ते हेच.

फक्त एक काळजी घ्यावी लागते. तसंच सोडलं तर एक्सेल त्या मुलाच्या सर्वात जास्त गुणांना पूर्ण चौकोनभर पट्टी देतं. एखाद्या मुलाचे सर्वात जास्त गुण ५ असतील तर तिथेही पट्टी पूर्ण भरते आणि तो घटक पक्का असल्यासारखा दिसतो. म्हणून Minimum आणि Maximum या दोन्ही ठिकाणी Type मध्ये Number निवडून अनुक्रमे 0 आणि 10 लिहायचं. मग ५ गुणांची पट्टी अर्धाच चौकोन भरते.

छापण्याआधीची तपासणी

आता कोणताही आडवा आलेख छापण्याआधी मी खरे गुण बाजूला ठेवते. पहिल्या ओळीत १० टाकते, दुसऱ्या ओळीत ५, आणि बाकी सगळीकडे १. पडद्यावर सगळ्यात वर लांब पट्टी आणि तिच्याखाली अर्धी पट्टी दिसली तर क्रम सरळ आहे. तळाशी दिसली तर उलटा. खऱ्या गुणांनी तपासायचं असेल तर पहिली किंवा शेवटची ओळ पाहायची, मधली कधीच नाही. आणि ज्या मुलाचे सगळे गुण जवळजवळ सारखे आहेत त्याचा कागद तपासणीला घ्यायचा नाही, तो उलटा असला तरी सरळच दिसतो.

पुढच्या आठवड्यात मी सगळे कागद नव्याने छापले आणि पालकांना परत बोलावलं. आधीचा कागद चुकीचा होता, चूक मुलांची नाही, माझी आहे, हे स्पष्ट सांगितलं. त्या मुलीच्या वडिलांना वेगळं बसवून दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ वजाबाकीच्या पट्टीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ती खरं सांगत होती."

त्या मुलीला मी जवळ बोलावून सॉरी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत दहा मिनिटं काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलो. दहाचा गठ्ठा सोडायचा आणि सुट्या काड्या करायच्या. ४०३ मध्ये सुटे दशक नाहीत, म्हणून आधी शंभराचा गठ्ठा सोडावा लागतो, हे तिने स्वतः शोधलं. चौथ्या दिवशी ४०३ वजा १७८ चं उत्तर तिने २२५ लिहून दाखवलं.

तुमच्याकडेही असे छापलेले जुने कागद असतील, तर एकदा काढून पाहा. पहिली ओळ आणि पहिली पट्टी जुळते का, एवढंच तपासा. आणि पालकहो, कागदावरची पट्टी एक सांगत असेल आणि मूल दुसरंच, तर कागद घेऊन शाळेत या आणि उत्तरपत्रिका दाखवायला सांगा.